फोटोवरून गूळ पारखताना: रंग, फोड आणि पाकिटाची मागची बाजू

माझं माहेर पन्हाळ्याच्या बाजूचं आणि घरचं गुऱ्हाळ, म्हणून सासरी गुळाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. परवा नणंदेने पुण्याहून दोन फोटो पाठवले. पहिल्यात पाकिटाची पुढची बाजू, ‘१००% नैसर्गिक, केमिकल फ्री’ असं लिहिलेली. दुसऱ्यात स्टीलच्या ताटलीत फोडलेला गूळ, छान मधाच्या रंगाचा. खाली एक ओळ: “वहिनी, घेऊन बसलेय एक किलो. चांगला आहे ना गं?”

असे फोटो मला महिन्यातून तीन-चार तरी येतात. त्यांवरून काय सांगता येतं आणि काय नाही, हे एकदा नीट लिहून ठेवते. फोटोवरून गूळ नैसर्गिक असल्याची खात्री कधीच देता येत नाही. संशय मात्र बळकट करता येतो, आणि पुष्कळदा तेवढ्यावर पुढचं पाकीट घ्यायचं की नाही हे ठरतं. म्हणून मी उत्तर नेहमी तीनपैकी एक देते: ‘संशय बळकट आहे’, ‘सांगता येत नाही’ किंवा ‘वावगं काही दिसत नाही’. ‘शुद्ध आहे’ हे चौथं उत्तर मी फोटोवरून देत नाही.

गूळ पांढरा होतो कसा

हे समजलं की फोटोत काय शोधायचं ते आपोआप कळतं. उसाचा ताजा रस गढूळ, हिरवट-करडा असतो. काहिलीत तो तापायला लागला की घाण फेसासोबत वर येते, तिला मळी म्हणतात. मळी नीट सुटावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायची जुनी पद्धत आहे, आणि बेताचा चुनाही घालतात. मळी काढत राहायचं, रस आटवायचा, आणि पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला आला की काहील उतरवायची. याच्या बरंच आधी, १०५-१०६ अंशांना उतरवली तर काकवी होते. या सगळ्यात रंग दोन ठिकाणांहून येतो. रसातले फिनॉल वर्गातले घटक लोह आणि हवेशी मिळून काळपट होतात, आणि उष्णतेने साखर तांबूस होत जाते.

बाजारात वर्षानुवर्षं पिवळ्या, उजळ गुळाला सौद्यात जास्त दर मिळत आला. तिथूनच ‘हायड्रॉस’ गुऱ्हाळात शिरलं. हे सोडियम हायड्रोसल्फाइट, कापड रंगवायच्या आणि कागदाच्या कारखान्यात वापरलं जाणारं रसायन. ते रंगाच्या कणांपासून ऑक्सिजन ओढून घेतं आणि कण बिनरंगी होतात. लहानपणी एका दुसऱ्या गुऱ्हाळावर मी हे पाहिलंय: तपकिरी उकळता रस, त्यात मूठभर पांढरी पावडर, आणि बघता बघता काहिलीतला रंग उतरलेला. घाण काढायचे कष्ट वाचतात, कारण घाण तशीच राहिली तरी दिसत नाही.

फोटोसाठी यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, रंग सगळ्या पाकातून एकसारखा उतरतो, म्हणून आतून-बाहेरून सपाट फिकेपणा येतो. दोन, हा उतरलेला रंग कायमचा गेलेला नसतो. हवा लागत राहिली की त्यातला काही परत येतो. मागे उरतो तो सल्फाइट, जो फोटोत दिसत नाही. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, आणि त्यासाठीच मी हा सगळा खटाटोप करते. नणंदेचा धाकटा मुलगा दम्याचा आहे.

पहिली पायरी: फोटो परत मागवा

आलेल्या फोटोवर लगेच मत देऊ नका. नणंदेचा फोटो रात्री स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढला होता. तशा उजेडात फिका गूळही मधासारखा दिसतो, आणि पांढऱ्या ट्यूबखाली चांगला गूळही आजारी दिसतो. फोनच्या कॅमेऱ्यातला ‘फूड’ मोड तर रंग मुद्दाम चढवतो.

तिला मी सांगितलं ते असं. दिवसा खिडकीजवळ ये, पण थेट उन्हात नको. फ्लॅश, फिल्टर आणि फूड मोड बंद ठेव. स्टीलची ताटली नको, आजूबाजूचे रंग त्यात उतरतात. साधा पांढरा कोरा कागद ठेव आणि त्यावर गूळ. ढेपेचा तुकडा हाताने किंवा बत्त्याने फोड, सुरीने कापू नकोस, कारण पात्याने दाणा चेपला जातो आणि पोत कळत नाही. एक फोटो पूर्ण तुकड्याचा, एक ताज्या फोडीचा अगदी जवळून, एक पाकिटाच्या मागच्या बाजूचा, अक्षरं वाचता येतील असा.

आणि घरात ओळखीचा गूळ असेल तर त्याचा तुकडा त्याच कागदावर शेजारी ठेव. ही शेवटची गोष्ट सगळ्यात कामाची. एकट्या तुकड्याचा रंग डोळ्याला फसवतो, दोन तुकडे शेजारी असले की फरक लगेच कळतो. आम्ही दिवाळीला माहेरची ढेप तिला देतो, तिच्या डब्यात अजून थोडा होता.

फोटो आला की आधी गूळ बघायचा नाही, कागद बघायचा. कागद पांढरा दिसतोय का? पिवळट दिसत असेल तर गुळाचा पिवळेपणाही तेवढा वजा करायचा. फोनच्याच एडिटरमध्ये ‘वॉर्म्थ’ची पट्टी सरकवून कागद पांढरा होईपर्यंत फोटो थंड करायचा, मग रंगाबद्दल बोलायचं.

ऑनलाइन दुकानातला फोटो असेल तर कागद नसतो. तिथे बारकोडमागची पांढरी जागा कागदासारखी वापरता येते. पण विक्रेत्याच्या फोटोत गुळाचा रंग बहुतेक वेळा सुधारलेला असतो. अशा फोटोवर मी रंगाबद्दल काही बोलतच नाही, फक्त लेबल वाचते.

दुसरी पायरी: रंग, पण थोडाच

लोक रंगावर सगळ्यात जास्त विसंबतात आणि तिथेच सगळ्यात जास्त चुकतात. ‘काळा गूळ म्हणजे अस्सल’ ही समजूत आता इतकी पक्की झालीय की तिचाही धंदा होतो. गूळ काळा व्हायला अनेक कारणं पुरतात. चुना जास्त पडला, पाक करपला, ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला, जमीन खारपड असली, किंवा जुना उरलेला गूळ परत उकळला. यातल्या कशालाही चांगल्या गुळाची खूण म्हणता येणार नाही. उलट हलक्या जमिनीतला चांगल्या जातीचा ऊस असेल आणि गुळव्याने मळी जीव लावून काढली असेल, तर काही न घालता सोनेरी गूळ पडतो. कोल्हापुरी गुळाचं नाव झालं ते अशाच रंगावर.

म्हणून रंगातून मी दोनच टोकं पकडते. पहिलं टोक म्हणजे पांढरट, सायीच्या किंवा वाळल्या पेंढ्याच्या रंगाचा गूळ. भेंडी आणि चुना कितीही कौशल्याने वापरले तरी रस इतका उजळत नाही. कोरा कागद आणि गूळ यांच्यातला फरक फोटोत फार थोडा वाटला तर संशय धरायचा. दुसरं टोक म्हणजे लिंबासारखा झळझळीत पिवळा किंवा नारिंगी. इथे पांढरं करण्यापेक्षा वरून रंग घातल्याचा संशय जास्त. मधल्या सगळ्या छटांवर, म्हणजे सोनेरी, मधाच्या, तांबूस, तपकिरी, फोटोवरून मत द्यायचं नाही.

एक चूक मी स्वतः बरेच दिवस करत होते. गुळाची पावडर बघून मला ती नेहमी पांढरी केलेली वाटायची. दाणा बारीक झाला की त्यावरून प्रकाश जास्त विखुरतो आणि तोच गूळ दोन-तीन छटा फिका दिसतो. ढेपेचा तुकडा घरी किसून बघा, किसलेला भाग लगेच उजळ दिसेल. ओलसर गूळ उलट गडद दिसतो. तेव्हा पावडरची तुलना पावडरशीच करायची, ढेपेची ढेपेशी.

तिसरी पायरी: ताजी फोड

मी सगळ्यात जास्त वेळ फोडीच्या फोटोवर घालवते. फोटो बोटांनी मोठा करायचा आणि कडेपासून मध्यापर्यंत सावकाश बघत जायचं.

चांगल्या गुळाची फोड रवाळ असते. दाणे बारीक, पण सगळे एका मापाचे नसतात. मध्ये कुठे घट्ट, चकचकीत पट्टा असतो, जिथे पाक घोटताना लवकर आवळला. कुठे काळसर ठिपका, चिपाडाचा बारीक कण. मध्यभागाचा रंग आणि कडेचा रंग यांत थोडा फरक असतोच, कारण कडेला हवा आणि ओल लागते. माझ्या वडिलांच्या ढेपेचा तुकडा तुम्ही मोठा करून बघितलात तर मधला भाग जुन्या पितळेसारखा आणि कड त्याहून एक छटा गडद दिसेल, पण दोन्ही एकाच रंगाचे वाटतील.

पांढऱ्या केलेल्या गुळात दोन चित्रं दिसतात. ताज्या मालात मध्यापासून कडेपर्यंत एकच सपाट फिका रंग असतो, ठिपका नाही, पट्टा नाही, जणू रंगवलेला. काही महिने झालेल्या मालात उलट. मधला गाभा फिका, सायीसारखा, आणि बाहेरून लालसर-तपकिरी जाड साल चढलेली. उडालेला रंग हवेने बाहेरून आत परत येत चाललेला असतो. गाभा आणि साल वेगवेगळ्या गुळांची वाटावीत इतका फरक असेल तर ती माझ्या लेखी फोटोतली सगळ्यात जड खूण. नुसती गडद कड मात्र खूण नाही, ती प्रत्येक गुळाला येते. गाभा किती फिका आहे हे बघायचं.

फोडीत आणखी दोन गोष्टी दिसू शकतात, त्या या प्रश्नाच्या बाहेरच्या आहेत पण उपयोगी पडतात. चमकणारे, कोनेदार, पारदर्शक खडे दिसले तर गुळात साखर मिसळल्याची शक्यता आहे. पिठूळ, न चमकणारे पांढरे डाग दिसले तर खडूच्या भुकटीचा संशय घ्यावा. ती घरी कळते. काचेच्या पेल्यात गूळ पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवला की खडू तळाशी पांढरा बसतो. हायड्रॉस मात्र पाण्यात सापडत नाही, आणि स्वयंपाकघरात करता येईल अशी त्याची भरवशाची परीक्षा नाही.

चौथी पायरी: पाकिटाची मागची बाजू

पुढच्या बाजूला लिहिलेलं मी जवळजवळ वाचत नाही. ‘गावरान’, ‘पारंपरिक’, ‘देशी’ यांतून गूळ कसा केला ते कळत नाही. ‘कोल्हापुरी’ला भौगोलिक मानांकन आहे, पण ते गूळ कुठला हे सांगतं, काहिलीत काय पडलं हे नाही. ‘केमिकल फ्री’चा तर नेमका अर्थच ठरलेला नाही. त्यापेक्षा ‘सल्फर फ्री’ किंवा ‘हायड्रॉस न वापरता’ असं लिहिलेलं असेल तर त्याला मी जास्त किंमत देते, कारण ते प्रयोगशाळेत तपासून खोटं ठरू शकतं आणि लिहिणाऱ्याला ते माहीत असतं.

मागे आधी घटकांची ओळ शोधायची. ‘ऊसाचा रस’ लिहिलं असेल तर निदान कशापासून केला हे सांगितलंय. नुसतं ‘गूळ’ लिहिलं असेल तर विकणाऱ्याने तयार गूळ घेऊन पाकिटात भरला असण्याची शक्यता जास्त. ‘साखर’ दिसली तर तिथेच थांबायचं. मग आकडे, म्हणजे गुळात घातलेल्या पदार्थांचे आयएनएस क्रमांक. २२० ते २२४ यांपैकी काही दिसलं तर ते सल्फर डायऑक्साइड आणि सल्फाइटच्या घरातलं. ५००(ii) म्हणजे खायचा सोडा, रस साफ करायला तो वापरतात आणि तो खाद्य दर्जाचा असला तर नियमात बसतो. १०२ आणि ११० हे कृत्रिम पिवळा आणि नारिंगी रंग. अॅलर्जीची ओळही वाचायची. सल्फाइट किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ते तिथे जाहीर करावं लागतं.

आता सगळ्यात मोठी अडचण. लेबलवर यांतलं काही नसणं म्हणजे वापरलं नाही, असं होत नाही. हायड्रॉस गुऱ्हाळात पडतं आणि पाकीट शहरात भरलं जातं. भरणाऱ्याला ते माहीतच नसेल, किंवा त्याने विचारलंच नसेल. म्हणून लेबलवरचा सल्फाइटचा उल्लेख मी पक्का पुरावा धरते, पण उल्लेख नसणं शून्य धरते.

‘उत्पादक’ आणि ‘पॅकिंग करणारा’ यांतला फरक म्हणूनच बघायचा. दोन्ही एकच असतील तर प्रश्न विचारायला माणूस सापडतो. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक फोटोत वाचता आला तर foscos.fssai.gov.in वर टाकून बघता येतो, नाव आणि व्यवसायाचा प्रकार पाकिटाशी जुळतो का ते कळतं. ‘सेंद्रिय’ लिहिलं असेल तर सेंद्रिय प्रमाणीकरणाचं सरकारमान्य चिन्ह हवं. नुसतं हिरवं पान छापलेलं पुरेसं नाही.

पॅकिंगची तारीख फोडीसोबत वाचायची. त्या तारखेवरून फोडीवरची साल निदान किती जुनी असेल याचा अंदाज येतो.

नणंदेच्या पाकिटाचं काय झालं

दुसऱ्या दिवशी तिचे नवे फोटो आले. कागद पांढराच दिसत होता, म्हणजे रंगावर विश्वास ठेवता येत होता. मधाचा रंग गेला होता. गाभा पेंढ्याच्या रंगाचा, जवळजवळ सायीचा, आणि भोवती बोटाच्या अर्ध्या पेरएवढी लालसर साल. शेजारी माहेरचा तुकडा, तोही साधारण तेवढ्याच महिन्यांचा, आत पितळी आणि कडेला जरा गडद. फोडीत ठिपका एकही नाही, दाणा सगळा एकसारखा. साखरेचे खडे नाहीत, पिठूळ डाग नाहीत. मागच्या बाजूला घटक म्हणून एकच शब्द, ‘गूळ’. उत्पादकाचं नाव नाही, फक्त पॅकिंग करणाऱ्याचं. आयएनएस क्रमांक एकही नाही. पॅकिंग चार महिन्यांपूर्वीचं. एफएसएसएआय क्रमांक चालू होता आणि व्यवसायाचा प्रकार रिपॅकर.

यातली प्रत्येक गोष्ट मी सुटी तोलली. रंग एका टोकाला, म्हणजे संशय. साल आणि गाभा यांतला फरक, शेजारच्या तुकड्याशी ताडून बघता, जास्त मोठा संशय. लेबल काहीच सांगत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. फक्त ‘केमिकल फ्री’ म्हणणारा माणूस गूळ बनवतच नाही, एवढं कळलं. तिला मी लिहिलं: “संशय बळकट आहे, शाबित नाही. बाळाला हा देऊ नकोस. पाकिटावरच्या नंबरला फोन करून सल्फर डायऑक्साइडचा तपासणी अहवाल माग, ‘केमिकल नाही ना’ असं विचारू नकोस.”

अहवालात आकडा पीपीएममध्ये किंवा किलोमागे मिलिग्रॅममध्ये येतो, दोन्ही एकच. गुळाची मर्यादा ७० पीपीएम आहे. पण दम्याच्या मुलासाठी मर्यादेच्या आत असणं एवढंच बघून चालत नाही, आकडा किती कमी आहे हे बघायचं आणि तो डॉक्टरांना दाखवायचा. अहवाल त्याच लॉटचा आहे का, हेही बॅच क्रमांक पाकिटाशी ताडून बघायचं. दोन वर्षांपूर्वीचा एकच कागद सगळ्यांना पाठवणारेही भेटतात.

तिने फोन केला. “पाठवतो” म्हणाले, तीन आठवडे झाले, आलेला नाही. तोवर माझ्या सांगण्यावरून तिने दोन्ही तुकडे एकाच बशीत, झाकण न घालता, फडताळात ठेवले होते. काल त्याच खिडकीत, त्याच कागदावर फोटो काढून पाठवला. दोन्ही तुकडे आधीपेक्षा गडद झालेत. माहेरचा किंचित. तिच्या पाकिटातला मात्र ओळखू न येण्याइतका, पेंढ्याच्या रंगाच्या गाभ्यावर तांबूस थर चढलाय. प्रयोगशाळेच्या आकड्याची जागा हा फोटो घेत नाही. तिने उरलेला गूळ परत डब्यात भरला नाही, आणि या वेळी दिवाळीची वाट न बघता मी वडिलांना पाच किलोची ढेप पाठवायला सांगितलंय.